पिंग, ट्रेसरूट आणि संध्याकाळचा तास: उशीर नेमका कुठल्या हॉपवर होतोय?

पारिजात (नाशिक)

नमस्कार मंडळी. मी दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवते, रोज संध्याकाळी साडेसात ते नऊ. गेले दोन महिने आठच्या सुमारास माझा आवाज तुटायला लागतो. मुलं म्हणतात, टीचर, अर्धं वाक्यच ऐकू येतंय. गंमत म्हणजे मला त्यांचं सगळं स्पष्ट ऐकू येतं. सकाळच्या बॅचला हा त्रास अजिबात नाही. कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला, स्पीड टेस्ट लावली, ५० चा आकडा दाखवला आणि "मॅडम, नेट फुल आहे" म्हणून गेला. बोर्डाची परीक्षा तोंडावर आहे आणि प्रमेय शिकवताना मधली पायरीच मुलांपर्यंत पोचत नाही, त्यामुळे खूप जीव टांगणीला लागलाय.

एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी ट्रेसरूट काढायला सांगितलं. घरच्या राउटरपासून इंटरनेटपर्यंत मधे जे जे टप्पे, म्हणजे हॉप, लागतात ते सगळे त्यात दिसतात आणि प्रत्येकाला किती वेळ लागला तेही. विंडोजवर काढलाय, हा बघा:

```
tracert -d 8.8.8.8

  1     2 ms     1 ms     2 ms  192.168.1.1
  2     5 ms     4 ms     5 ms  100.72.0.1
  3     6 ms     6 ms     7 ms  10.20.4.9
  4   182 ms   176 ms   191 ms  10.20.0.2
  5     *        *        *     Request timed out.
  6     9 ms    10 ms     9 ms  8.8.8.8
```

मला तरी चौथ्या ओळीत गडबड वाटतेय, आणि पाचवी तर बंदच दिसतेय. हे कंपनीला दाखवू का?

---

भिडू_९

ताई डायरेक्ट दाखवा. चौथा हॉप १८० म्हणजे तिथंच घोळ आहे, आणि पाचव्यावर स्टार म्हणजे पॅकेट तिथं मरतायत. माझं कोल्हापुरात गेम खेळताना असंच व्हायचं, मी स्क्रीनशॉट पाठवला, आठ दिवसांत नीट झालं.

---

उगाच_एक

५० एमबीपीएस येतंय ना, मग नेटचा प्रश्नच नाही. आवाजाला १ एमबीपीएससुद्धा लागत नाही. हेडफोन बदलून बघा आधी.

---

तारांगण

पारिजात, थांबा, हे अजून कुणाला पाठवू नका. मी बरीच वर्षं एका नेटवर्कच्या कंट्रोल रूममध्ये रात्रपाळ्या केल्यात, आणि ज्यांत चूक नव्हती अशा ट्रेसच्या तक्रारी तिथे रोज यायच्या. तुमचा ट्रेस त्याच जातीचा आहे.

शेवटची ओळ बघा. ८.८.८.८ म्हणजे गूगलचा सर्व्हर, तिथपर्यंत जाऊन परत यायला ९ मिलिसेकंद. तिथे जाणारं प्रत्येक पॅकेट चौथ्या हॉपमधूनच गेलंय ना? चौथ्यावर खरंच १८० चा उशीर असता तर सहाव्यावर १८० पेक्षा कमी आकडा येणं शक्यच नव्हतं. घाटात गाडी तीन तास अडकली आणि तरीही नाशिक-मुंबई अर्ध्या तासात झाली असं कसं होईल?

मग १८० आला कुठून? ट्रेसरूट प्रत्येक पॅकेटवर एक मर्यादा लिहून पाठवतं की तू एवढेच राउटर ओलांडायचे. प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो, आणि शून्य झालं की तो पॅकेट टाकून देतो आणि "तुमचं पॅकेट माझ्याकडे संपलं" अशी चिठ्ठी उलट धाडतो. मोठ्या राउटरमध्ये पॅकेट पुढे ढकलायचं काम खास चिपवर होतं, ते क्षणात होतं. पण ही चिठ्ठी लिहायचं काम त्याच्या साध्या प्रोसेसरकडे असतं, आणि त्या बिचाऱ्याच्या डोक्यावर त्याहून महत्त्वाची कामं असतात, म्हणून चिठ्ठी सवडीने जाते. तुमचा १८० म्हणजे चिठ्ठी लिहायला लागलेला वेळ, वाहतुकीचा नाही. काही राउटरांना चिठ्ठी पाठवूच नका असं सांगून ठेवलेलं असतं, तिथे स्टार दिसतात. पाचवा तसाच आहे, पॅकेट मरत असती तर सहावी ओळ आलीच नसती.

तेव्हा भिडू, एकच गोष्ट बघायची. उशीर एका ओळीत वाढला आणि पुढच्या सगळ्या ओळींत तसाच राहिला तरच तो खरा. मधेच एकदा उडी मारून परत खाली आला तर सोडून द्यायचा.

आणि पारिजात, एक प्रश्न. हा ट्रेस काढला कधी?

---

भिडू_९

मग दादा माझं कसं नीट झालं?

---

तारांगण

तुमच्या ट्रेसमध्ये पुढच्या ओळीही वाढलेल्या असतील तर तक्रार बरोबरच होती. जुना स्क्रीनशॉट असेल तर टाका, बघूया.

---

पारिजात

अय्या, दुपारी तीनला काढला! तेव्हा मोकळी होते म्हणून. आता लक्षात येतंय की त्या वेळी त्रासच नसतो.

---

सुमन_मावशी

अगं पारिजात, माझंही तसंच होतं गं, मुलीशी व्हिडिओवर बोलताना चित्र थिजतं. मी भिंतीपलीकडच्या खोलीत असते आणि राउटर हॉलमध्ये टीव्हीमागे. नातवाने तुमचा धागा वाचून लॅपटॉपवर हा पिंग चालवला, राउटरला सारखी हाक मारून उत्तराला किती मिलिसेकंद लागतात ते मोजणारा:

```
ping -t 192.168.1.1
```

३, ४, ३, मग एकदम २१०, मग ५, मग Request timed out, परत ४. तो म्हणाला, आजी, कंपनीपर्यंत जायची गरजच नाही, आपल्याच घरात अडकतंय. हे खरं का?

---

तारांगण

सुमनताई, नातवाने अगदी बरोबर सांगितलं. घरचा राउटर हाच पहिला हॉप, तोच दोनशेवर जातोय आणि मधेच उत्तर देत नाही म्हणजे वायफाय कच्चं आहे. राउटर टीव्हीमागून काढून उघड्यावर उंच ठेवा, आणि जमलं तर लॅपटॉप तारेने जोडून तोच पिंग पुन्हा चालवा. तारेवर तो १ किंवा त्याहून कमी आणि सलग यायला हवा. तारेवर सरळ आणि वायफायवर वाकडा असेल तर प्रश्न तिथेच संपला.

फक्त हे मोबाइलवरून मोजू नका. फोन बॅटरी वाचवायला वायफायचा रेडिओ मधेमधे झोपवतो, त्यामुळे चांगल्या वायफायवरही ५०-१०० चे आकडे दिसतात.

---

उगाच_एक

पण सुमनताईंचा प्रश्न वेगळा आणि पारिजात यांचा वेगळा. त्यांचा पहिला हॉप २ आहे. मला अजूनही माइकच वाटतोय. त्यांना ऐकू येतं, दुसऱ्यांना जात नाही, ही सरळ माइकची लक्षणं.

---

तारांगण

ऐकू येतं पण जात नाही, हे तुम्ही नेमकं पकडलंत. माइकने तसं होऊ शकतं, पण मग सकाळच्या बॅचलाही झालं असतं. फक्त जाणारी वाट तुंबली तरी हेच होतं, आणि तिथला ५० चा आकडा येणाऱ्या वाटेचा आहे. पारिजात, स्पीड टेस्टमध्ये अपलोड किती दाखवतं? आणि आज आठ वाजता त्रास चालू असताना ट्रेस काढा. हे वापरा, तीनच हॉप बघून थांबेल, तास चालू असताना सुद्धा काढता येईल:

```
tracert -d -h 3 8.8.8.8
```

`-d` विसरू नका. ते नसेल तर प्रत्येक पत्त्याचं नाव शोधत बसतं आणि ओळी दहा-दहा सेकंदांनी उमटतात. त्यावरून लोकांना वाटतं नेट हळू आहे. उमटायचा वेग बघायचाच नाही, आकडे वाचायचे.

---

राईनकाठ

जर्मनीतून वाचतोय. तारांगण यांच्या नियमाला माझी एक पुरवणी. उशीर वाढला आणि टिकला तरी तो बिघाड असेलच असं नाही, अंतरही असू शकतं. मी इथून पुण्याला आईच्या घरच्या राउटरच्या दिशेने ट्रेस काढतो तेव्हा एका ओळीत १२ आणि पुढच्या ओळीत सव्वाशेच्या आसपास दिसतं, आणि तिथून पुढे सगळं तसंच. पहिल्यांदा बघून मीही दचकलो होतो. पण त्या दोन ओळींच्या मधे समुद्रातली केबल आहे. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर १०० किलोमीटरला जाऊन-येऊन १ मिलिसेकंद. हा हिशेब कुठलीच कंपनी कमी करू शकत नाही. नाशिक ते मुंबई पावणेदोनशे किलोमीटर धरा, म्हणजे दोन-एक मिलिसेकंद. पारिजात यांना दुपारी ९ मिळतात ते उत्तम आहेत.

२०२५ च्या सप्टेंबरात लाल समुद्रात केबल तुटल्या तेव्हा माझा हाच आकडा कितीतरी दिवस दुपटीच्या जवळ होता, पॅकेट लांबच्या वाटेने फिरून जात होती. आईला वाटायचं मीच उशिरा उत्तर देतोय.

---

भिडू_९

मग सिंगापूरच्या गेम सर्व्हरला मला ६५ लागतात ते कमी होणार नाहीत का?

---

राईनकाठ

मुंबई-सिंगापूर सरळ रेषेत चार हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे ४० तर प्रकाशालाच लागतात, आणि केबल सरळ रेषेत जात नाही. वर कोल्हापूर ते किनारा आहेच. ६५ ला हात लावू नकोस भावा, चांगला आकडा आहे.

---

पारिजात

काढला! आठ वाजून दहा मिनिटं, मुलांना एक उदाहरण सोडवायला दिलं आणि तेवढ्यात दोनदा चालवला. हात थरथरत होता अक्षरशः. दुसऱ्यांदा पूर्णच काढला:

```
  1     2 ms     2 ms     3 ms  192.168.1.1
  2   391 ms   374 ms   402 ms  100.72.0.1
  3   388 ms   410 ms   379 ms  10.20.4.9
  4   560 ms   547 ms   571 ms  10.20.0.2
  5     *        *        *     Request timed out.
  6   396 ms   383 ms   405 ms  8.8.8.8
```

दुसऱ्या ओळीपासून चारशे आणि शेवटपर्यंत चारशे. चौथा अजूनही आपला १८० जास्तच दाखवतोय, पण तो सोडून द्यायचा हे आता कळलं. तास संपल्यावर स्पीड टेस्ट लावली, अपलोड फक्त दीड! आमचा प्लॅन ५० खाली आणि १० वर असा आहे.

---

भिडू_९

आता तर सापडलं. दुसरा हॉप म्हणजे कंपनीचा डबा. आता तरी तक्रार करा.

---

तारांगण

अर्धं बरोबर भिडू. उशीर पहिल्या आणि दुसऱ्या हॉपच्या मधे आहे, दुसऱ्या डब्यात आहे असं ट्रेस सांगत नाही. त्या मधल्या पट्ट्यात काय काय येतं ते बघा. घरच्या राउटरमधून बाहेर पडायची रांग, भिंतीवरचा फायबरचा डबा, रस्त्यावरची तार आणि मग कंपनीचं टोक. पहिली रांग घरातच आहे. राउटर आपल्या पिंगला २ मिलिसेकंदांत उत्तर देतो कारण ते उत्तर त्या रांगेत उभंच राहत नाही, ते आतल्या आत परत येतं.

आता हिशेब करा. १० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला सव्वा मेगाबाइट बाहेर जातात. बाहेरच्या दारात अर्धा मेगाबाइट साठेल एवढी रांग असेल आणि ती भरली, तर मागून आलेल्या प्रत्येक पॅकेटला ०.४ सेकंद थांबावं लागणार. म्हणजे बरोबर चारशे. तुमचे आकडे ३७४ ते ४१० च्या मधेच फिरतायत, ही भरून राहिलेल्या रांगेची खूण आहे. तार खराब असती तर पॅकेट हरवली असती, मधेच स्टार दिसले असते, आकडे असे एका जागी चिकटले नसते.

आठला तुमच्या घरातून कोण काय चढवतंय? दोन काळ्या खिडक्या उघडा. एकीत `ping -t 192.168.1.1`, दुसरीत `ping -t 100.72.0.1`. आणि घरातलं एकेक उपकरण वायफायवरून काढत जा. दुसऱ्या खिडकीतला आकडा कधी कोसळतो तेवढं बघा.

---

निवांत (रत्नागिरी)

तारांगण, माझी केस बघाल का? माझ्या घरात रात्री मी एकटाच असतो, टीव्ही बंद, फोन विमान मोडवर, एकच लॅपटॉप तारेने. तरीही दिवसा तिसरा हॉप ६, आणि रात्री आठ ते अकरा ४५. त्यापुढच्या सगळ्या ओळी तेवढ्याच वाढलेल्या. दुसरा हॉप मात्र रात्रीही ४. एमटीआर, म्हणजे पुन्हा पुन्हा ट्रेस काढून गळती मोजणारं साधन, तासभर चालवला तर शेवटच्या ओळीवर शेकडा ३ पॅकेट गळतात.

---

तारांगण

निवांत, तुमचं घर यातून सुटलं. दुसरा हॉप रात्रीही ४ राहतो म्हणजे तुमचं दार मोकळं आहे. दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधली कंपनीची लिंक रात्रीच्या गर्दीत भरतेय असं दिसतं. आणि तुम्ही गळती शेवटच्या ओळीवर मोजली हे फार चांगलं केलंत, मधल्या ओळीवरची गळती चिठ्ठीवाल्या कारणाने खोटी असू शकते. दिवसाचा आणि रात्रीचा एमटीआर शेजारी शेजारी ठेवून द्या त्यांना.

---

निवांत

दिलाय. दोनदा. दोन्ही वेळा "राउटर रीस्टार्ट करा" असं उत्तर आलं.

---

राईनकाठ

इथे मी थोडा वेगळा विचार करतो. ट्रेसमधला आकडा जाऊन-येऊनचा असतो, पण वाट फक्त जातानाची दिसते. तिसऱ्या हॉपची चिठ्ठी आणि पुढच्यांच्या चिठ्ठ्या वेगळ्याच वाटेने परत येत असतील आणि ती परतीची वाट भरलेली असेल, तर दिसणार तिसऱ्या ओळीतच. हे बघायचं तर उलट्या बाजूने ट्रेस काढायला हवा. निवांत, तुमचा बाहेरून दिसणारा पत्ता मला व्यक्तिगत निरोपात द्या, मी रात्री इथून काढतो.

---

तारांगण

मुद्दा बरोबर आहे, पण जमणार नाही असं वाटतं. निवांत, दुसऱ्या ओळीतला पत्ता 100.64 ते 100.127 च्या मधला आहे का?

---

निवांत

हो, 100.90 ने सुरू होतो.

---

तारांगण

मग तुम्ही कंपनीच्या सामाईक पत्त्यामागे आहात, बहुतेक शेकडो घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता. राईनकाठ यांचा ट्रेस कंपनीच्या दारापर्यंत येईल आणि थांबेल, तुमच्या बाजूचा तो पट्टा त्यात येणारच नाही. म्हणजे जाणारी वाट भरलीय की येणारी, हे तुमच्या घरातून सांगता येणार नाही. माझा कौल येणाऱ्या वाटेला, कारण रात्री लोक बघतात जास्त आणि चढवतात कमी. पण तो कौलच.

---

राईनकाठ

तरी मी काढून बघतो, दारापर्यंतचा रस्ता मोकळा आहे एवढं तरी कळेल.

---

सुमन_मावशी

राउटर टीव्हीमागून काढून कपाटावर ठेवला. आता ३, ४, ३, ५, मधेच कधी ३०. काल मुलीशी पाऊण तास बोलले, एकदाही थिजलं नाही. नातवाला आइस्क्रीम दिलं.

---

पारिजात

मंडळी, सापडलं!! जरा लांबण लावते, पण सांगायलाच हवं.

आज रविवार म्हणून बॅच नव्हती. आठला दोन्ही खिडक्या लावल्या. पहिली २, २, ३. दुसरी ३८५, ३९७, ४०१. टीव्ही बंद केला, तसंच. सासूबाईंचा फोन काढला, तसंच. माझा फोन, तसंच. मग दीर म्हणाले माझा लॅपटॉप बंद करून बघ वहिनी. त्याने झाकण मिटलं आणि माझ्या डोळ्यांसमोर ४०२ च्या खाली ५ आला. मग ४, मग ५. झाकण उघडलं, दहा-बारा सेकंदांत परत ३००, मग ३९०. आम्ही दोघं बघतच राहिलो.

तो लग्नाचे फोटो काढतो. सीझन सुरू झाल्यापासून दिवसभर काम करून साडेसातला घरी येतो, लॅपटॉप लावतो आणि सगळे मोठे मोठे फोटो क्लाउडवर चढायला लागतात, दहापर्यंत चालू असतं. दोन महिने! आणि कंपनीचा माणूस येऊन गेला तो सकाळी अकराला.

आता प्रश्न असा की त्याचंही काम थांबवता येत नाही, ग्राहकाला रात्रीच लिंक द्यायची असते. मी काय करू?

---

उगाच_एक

माइक नव्हता हे मान्य. प्लॅन वाढवा, वर ५० वाला घ्या.

---

तारांगण

वाढवून वेळ कमी होईल, रांग जाणार नाही. फोटो चढवणारं सॉफ्टवेअर मिळेल तेवढं दार भरतंच, ५० दिलं तर ५० भरेल. अर्धा मेगाबाइटची तीच रांग तेव्हा ८० मिलिसेकंदांत रिकामी होईल, म्हणजे त्रास कमी वाटेल हे खरं, पण पैसे देण्याआधी फुकटचं करून बघा.

राउटरच्या पानावर उपकरणानुसार वेग ठरवायची सोय आहे का बघा. दिरांच्या लॅपटॉपला अपलोड ६ एमबीपीएसची मर्यादा घाला. दार १० चं, ते भरणार ६, मग रांग साठतच नाही आणि तुमचा आवाज थेट बाहेर पडतो. ती सोय नसेल तर क्लाउडच्या सॉफ्टवेअरमध्येच अपलोडची मर्यादा असते बहुतेक. ज्यांच्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत सॉफ्टवेअर चालतं त्यांनी त्यातली एसक्यूएम ही रांग सांभाळायची सोय लावून अपलोड ९ च्या आसपास ठेवावं, मग कुठलं उपकरण काय चढवतंय हे बघावंच लागत नाही, तो प्रत्येकाला आळीपाळीने सोडतो. एवढंच की आकडा दाराच्या खऱ्या वेगापेक्षा थोडा कमी हवा, नाहीतर रांग पुन्हा पुढच्या डब्यात जाऊन बसते आणि राउटरच्या हातात काही राहत नाही.

---

भिडू_९

दादा, माझा जुना स्क्रीनशॉट सापडला. त्यात पाचव्या ओळीत ११० आणि पुढं सगळीकडं ११० च होतं. म्हणजे माझी तक्रार बरोबर होती, पण कारण मला माहीत नव्हतं. मी स्टार बघून केली होती.

---

तारांगण

हो, तुमची तक्रार खरी होती.

---

पारिजात

मर्यादा घातली, ६. आत्ता आठ वाजून वीस मिनिटं, दिरांचे फोटो चढतायत, माझा तास चालू आहे, मुलं उदाहरण सोडवतायत म्हणून लिहितेय. दुसरी खिडकी: ७, ६, ११, ६, ८. शेवटच्या बाकावरचा म्हणावा असा एक मुलगा कधीच बोलत नाही, तो आज म्हणाला, टीचर, आज कंसाच्या आतलं पण ऐकू आलं.

फोटो चढायला आता जवळजवळ दुप्पट वेळ लागतोय. दीर म्हणतोय नऊनंतर मर्यादा काढता येईल का. राउटरमध्ये वेळेची सोय दिसतेय पण ती इंटरनेट पूर्णच बंद करायची आहे. कुणी केलंय का असं?

---

राईनकाठ

निवांत, काल रात्री तुमच्या साडेनऊला काढला. कंपनीच्या दारापर्यंत १२६, दुपारीही १२५ होता. म्हणजे बाहेरचा रस्ता मोकळा आहे, जे काय आहे ते त्यांच्या आतच. हे तुमच्या पुढच्या तक्रारीत जोडा, माझा पूर्ण ट्रेस निरोपात पाठवलाय.

---

निवांत

आभारी आहे. तिसऱ्यांदा पाठवतोय, या वेळी रात्रीच्या वेळा वर लिहून. उत्तर आलं की इथेच टाकतो.